गरम मसाला भाजताना: आच किती, आधी काय आणि दळायची घाई का नको

खड्या मसाल्याच्या बारा जिनसा एकदम कढईत टाकून परतल्या, तर त्यांतल्या तीन-चार बरोबर भाजल्या जातात, काही कच्च्या राहतात आणि काही करपतात. धण्यांचा रंग बदलायची वाट बघत आपण उभे असतो, तेव्हा त्याच कढईतली जायपत्री केव्हाच जळून गेलेली असते. पूड झाल्यावर यातलं काही दिसत नाही. रस्सा उकळला की मागून एक कडवट चव येते, आणि दोष मिऱ्यांवर नाहीतर लवंगेवर जातो.

हे टाळायचं तर आधी भाजण्याचं काम नेमकं काय ते वेगळं करून बघावं लागतं, कारण ती दोन कामं आहेत. पहिलं काम ओल घालवण्याचं. डब्यातला खडा मसाला हाताला कोरडा लागला तरी त्याच्या वजनाच्या साधारण दहा टक्के पाणी त्यात असतं. ते गेलं की दाणा ठिसूळ होतो, नीट दळला जातो आणि पूड टिकते. दुसरं काम चव बदलण्याचं. धणे आणि जिरं या बिया आहेत. त्यांच्यात प्रथिनं असतात, साखर असते, आणि पुरेशी आच लागली की या दोन्हींतून एक नवीन खमंग वास तयार होतो, जो कच्च्या बीत नव्हताच. वेलची, लवंग, दालचिनी आणि जायपत्रीचं तसं नाही. त्यांचा सुगंध त्यांच्यातल्या तेलात आधीच तयार असतो. आच त्यात फारशी भर घालत नाही, जास्त झाली तर उलट उडवून लावते. म्हणजे धणे-जिरं खरोखर भाजायचं असतं, आणि बाकीच्या बहुतेक जिनसा फक्त शेकून कोरड्या करायच्या असतात. पुढचा सगळा क्रम आणि सगळी आच या एका फरकावरून ठरते.

घरभर वास सुटला म्हणजे मसाला छान भाजला गेला, असं सर्रास समजलं जातं. धण्या-जिऱ्याच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे. वेलचीच्या बाबतीत मात्र जो वास दिवाणखान्यापर्यंत पोचला, तो बरणीत भरायचा राहिला.

एक घाणा, मोजून

बोलायला सोपं जावं म्हणून एक ठरावीक माप घेऊ: धणे ६० ग्रॅम, जिरं ३० ग्रॅम, शहाजिरं ५ ग्रॅम, काळी मिरी १५ ग्रॅम, दालचिनी १० ग्रॅम, हिरवी वेलची १० ग्रॅम, मसाला वेलची ८ ग्रॅम, लवंग ६ ग्रॅम, चक्रफूल ३-४, तमालपत्राची ५ पानं, जायपत्री ३ ग्रॅम आणि अर्धं जायफळ. सगळं मिळून दीडशे ग्रॅमच्या थोडं वर जातं. प्रमाण तुमच्या आवडीचं घ्या. माप एवढ्यासाठीच दिलं की खाली दिलेल्या वेळा एवढ्या मालाच्या आणि २५ सेंटिमीटर व्यासाच्या जाड बुडाच्या कढईच्या आहेत. माल दुप्पट झाला की वेळ दुप्पट होत नाही, भाजणंच बिघडतं, कारण दाण्यांचा थर जाड होतो. खालचे करपतात आणि वरचे त्यांच्या वाफेत बसून राहतात. अर्धा किलो मसाला करायचा असेल तर तीन-चार घाणे काढा. एकावर एक दोन दाण्यांपेक्षा जास्त थर होता कामा नये.

भाजायच्या आधी निवडणं आलंच: काडीकचरा, खडे, धण्यांचे देठ. मसाला धुऊ नका. धुवावासाच वाटला तर कडक उन्हात दोन दिवस वाळवून मगच कढईपाशी आणा. नुसतं दुपारभर ऊन दाखवलं तरी मात्र फायदा होतो, कारण काही ओल तिथेच जाते आणि नाजूक जिनसांना कढईत कमी वेळ ठेवावं लागतं.

तीन जिनसांना हात लावावा लागतो. दालचिनीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. सालीच्या जाडीकडे लक्ष द्या. जाड, कडक सालीची दालचिनी आच सोसते, पण कागदासारख्या पातळ सालींची गुंडाळी असलेली दालचिनी अर्ध्या वेळात शेकून होते. मसाला वेलची बत्त्याने किंवा लाटण्याने हलकेच चेचून तिची साल फोडा. तिच्या आतले दाणे चिकट, ओलसर असतात, आणि साल बंद राहिली तर ती ओल आतच कोंडते. दळताना मिक्सरच्या तळाशी जो काळपट चिकट गोळा बसतो, तो पुष्कळदा या न फोडलेल्या मसाला वेलचीचा असतो. तमालपत्राचे दोन-तीन तुकडे करा आणि मधली जाड शीर काढून टाका. ती कधीच नीट दळली जात नाही.

कढई आणि आच

बूड जाड हवं. पातळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात ज्योतीच्या बरोबर वर एक गोल पट्टा तापतो, आणि तिथले दाणे बाकीच्यांच्या आधी काळे पडतात. बिडाची किंवा लोखंडी कढई उत्तम, जाड बुडाची स्टीलची चालते. नॉनस्टिक पॅन मात्र या कामाला घेऊ नये. त्यात तेल-पाणी काहीच नसताना तो बघता बघता फार तापतो, आणि त्याचा थर तेवढ्या उष्णतेसाठी नसतो.

लोखंडाचा एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा. ते सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. गॅस बारीक केला म्हणजे कढई लगेच थंडावत नाही, बंद केला तरी मिनिटभर भाजणं चालूच असतं. म्हणून आच वाढवून-घटवून सांभाळण्यापेक्षा कढई सुरुवातीलाच योग्य तापमानाला आणून मग मंद आचेवर तिथेच ठेवणं सोपं जातं. मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं रिकामी कढई तापवा, मग आच मंद करा आणि अर्धा मिनिट थांबा, म्हणजे उष्णता बुडाच्या कडेपर्यंत सारखी पसरते.

आता आच जोखायची. कढईत पाण्याचा एक थेंब टाका. तो पसरून चर्र आवाज करत दोन-तीन सेकंदांत उडून गेला, तर धण्या-जिऱ्यासाठी कढई तयार आहे. थेंब गोळी होऊन इकडून तिकडे नाचत पळू लागला, तर कढई फार तापली आहे. गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा. थेंब नुसताच बसून बुडबुडे काढत राहिला, तर ती नाजूक जिनसांपुरती तापली आहे. थेंबाचा डाग कोरड्या फडक्याने पुसून घ्यायला विसरू नका. पाण्यावर विश्वास नसेल तर जिऱ्याचे चार दाणे टाका: पडल्या पडल्या तडतडले तर आच जास्त, वीस-तीस सेकंदांनी वास येऊ लागला तर बरोबर. दुरून तापमान मोजणारं यंत्र घरात असेल तर बुडाचं तापमान धण्या-जिऱ्यासाठी १५० ते १७० अंश सेल्सिअस आणि नाजूक जिनसांसाठी ११० ते १२० च्या दरम्यान ठेवा. चकचकीत स्टीलवर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवतं, काळ्या लोखंडावर बऱ्यापैकी बरोबर.

इंडक्शनवर काम करत असाल तर सर्वांत खालच्या दोन-तीन पायऱ्यांवरच राहा, आणि कढई अधूनमधून फिरवा. तिथे उष्णता मधल्या वर्तुळातच जास्त असते.

एकेक जिन्नस वेगळी: नाजूक आधी, धणे-जिरं शेवटी

वेळ असेल तर हीच पद्धत घ्या. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम आहे. क्रम कढईच्या स्वभावावर ठरतो: ती सुरुवातीला कोमट असते आणि काम चालेल तशी तापत जाते. म्हणून ज्यांना कमी आच हवी ते आधी, ज्यांना जास्त हवी ते शेवटी. शेजारी एक मोठी परात किंवा दोन ताटं तयार ठेवा. प्रत्येक जिन्नस झाली की थेट तिथे ओतायची, कढईत क्षणभरही थांबू द्यायची नाही.

पहिलं तमालपत्र. मंद आचेवर मिनिटभर, हाताने दाबत-उलटत. पान कुरकुरीत होऊन बोटांत चुरडलं की झालं. कडा तपकिरी व्हायला लागल्या तर उशीर झाला समजा. मग जायपत्री, वीस-तीस सेकंद, बस्स. तिच्यात स्निग्धांश भरपूर असतो. ती कोमट होऊन जराशी कडक झाली की लगेच काढायची. तिचा नारिंगी रंग लाल-तपकिरीकडे झुकता कामा नये.

नंतर हिरवी वेलची, दीड ते दोन मिनिटं, सतत हलवत. टरफल टम्म होतं, हिरवा रंग किंचित फिका पडतो आणि दाबल्यावर टरफल चिवट न लागता टचकन फुटतं. टरफलासकट दळायचं की दाणे काढून, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. टरफलाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, ते पूड जाडसर करतं आणि प्रमाण वाढवतं. मी निम्म्या वेलच्यांचे दाणे काढून, न भाजता तसेच दळायला ठेवतो. पुडीला ताजा वास येतो.

वेलचीनंतर लवंग आणि चक्रफूल एकत्र, मिनिट-सव्वा मिनिट. लवंगेकडे जरा जवळून बघा. तिचा दांडा आधी सुरकुतलेला, मातकट दिसतो. आच लागली की तो किंचित फुगतो आणि त्यावर तेलाची बारीक चमक येते. ती चमक दिसली की थांबायचं. त्यापुढे लवंगेचा धूर डोळ्यांना झोंबायला लागतो, म्हणजे तेल जळतंय.

आता कढई चांगली तापलेली असते. दालचिनी आणि चेचलेली मसाला वेलची एकत्र टाका, दोन ते तीन मिनिटं. तुकडा मोडून बघा. शेकलेली दालचिनी कटकन तुटते, न शेकलेली आधी जराशी वाकते. मसाला वेलचीचे दाणे बोटांत चोळल्यावर एकमेकांना चिकटायचे थांबले पाहिजेत. त्यानंतर मिरी, दोन मिनिटं. एखाददुसरं तडतडून उडालं की पुरे, सगळी तडतडायची वाट बघू नका. मिऱ्यांचा तिखटपणा भाजल्याने फारसा जात नाही, पण त्यांचा वरचा ताजा वास चटकन जातो. इथे एक्झॉस्ट पंखा लावून ठेवा, नाहीतर घरात सगळे खोकत बसतील.

धणे आणि जिरं

इथे खरी मेहनत आहे. कढई पुन्हा थेंबाने तपासा, हवी तर आच मंद-मध्यम करा, आणि सगळे धणे एकदम टाका. कढईचं तापमान लगेच उतरतं. ते अपेक्षितच आहे, घाबरून आच वाढवू नका. पहिला मिनिट-दीड मिनिट काहीच घडत नाहीसं वाटतं. प्रत्यक्षात ओल निघत असते, आणि कढईवर तळहात धरला तर दमट वाफ लागते. दुसऱ्या मिनिटानंतर जो वास येतो तो हिरवट, लिंबासारखा असतो. पुष्कळजण इथेच थांबतात, आणि धणे कच्चे राहतात. आणखी दोन-अडीच मिनिटं हलवत राहा. वास बदलतो. हिरवटपणा मागे पडून दाण्यासारखा खमंग वास पुढे येतो, दाण्यांचा रंग एक छटा गडद होतो आणि उलथण्याचा आवाजही बदलतो. आधीची बोथट खसखस जाऊन कोरडी खुळखुळ ऐकू येते. एकूण चार ते पाच मिनिटं.

कुरकुरीतपणावरून मात्र कढईतच फसू नका. गरम दाणा दाताखाली चिवट लागतो, बिस्किट भट्टीतून काढल्याबरोबर मऊ असतं तसं. दोन दाणे बाहेर काढा, अर्धा मिनिट निवू द्या आणि मग बोटांत दाबा. दोन कोरड्या फाकी होऊन फुटले की धणे झाले. दबून चपटे झाले तर अजून मिनिटभर हवं. हे बघत असताना कढई खाली उतरवून ठेवा, नाहीतर त्या अर्ध्या मिनिटात मागचे दाणे पुढे निघून जातात.

धणे परातीत ओतून लगेच जिरं टाका. या वेळी कढई सर्वांत तापलेली असते आणि जिरं लहान, म्हणून आच अगदी मंद करा. दीड मिनिट, फार तर दोन. जिऱ्याचं भाजणं आणि करपणं यांत पंधरा-वीस सेकंदांचंच अंतर असतं, तेव्हा फोन आला तर वाजू द्या. रंग मातकट करड्याकडून तांबूस झाला आणि चार-दोन दाणे उड्या मारू लागले की गॅस बंद. बारीकसा निळसर धूर दिसला तर तो इशारा नाही, उशीर झालेला आहे. जिरं ओतून झालं की उरलेल्या गरम कढईत शहाजिरं टाकून तीस-चाळीस सेकंद हलवा. त्याच्यासाठी वेगळी आच लागत नाही.

जायफळ भाजायचंच नाही. त्यात चरबीचं प्रमाण मोठं असतं, आचेने ते तेलकट होतं आणि दळताना पुडीच्या गुठळ्या करतं. ते शेवटी किसून घालायचं.

वेळ नसेल तेव्हा: एकाच कढईत, उलट्या क्रमाने

घाईच्या दिवशी सगळं एकाच घाण्यात भाजता येतं, पण मग क्रम बरोबर उलटा होतो. वेगळं भाजताना प्रत्येक जिन्नस झाली की बाहेर पडते. इथे पहिली टाकलेली जिन्नस शेवटपर्यंत कढईतच असते. म्हणून जी जास्तीत जास्त आच सोसेल ती आधी, आणि जायपत्री सगळ्यांत शेवटी. आच पूर्ण वेळ मंद.

दालचिनी आणि मसाला वेलची मिनिटभर परता. मग धणे घालून दोन मिनिटं. मग मिरी, एक मिनिट. मग लवंग, चक्रफूल आणि हिरवी वेलची, एक मिनिट. मग जिरं घाला, आणखी मिनिटभर. आता गॅस बंद करा आणि कढईच्या उरलेल्या उष्णतेत शहाजिरं, तमालपत्र आणि जायपत्री घालून अर्धा मिनिट हलवा, लगेच परातीत ओता. एकूण साडेसहा-सात मिनिटं. या पद्धतीत धणे जरासे कमी खमंग होतात, कारण जिरं सांभाळण्यासाठी आच वाढवता येत नाही. आणखी एक तोटा आहे: काही करपलं तर ते निवडून काढता येत नाही. वेगळं भाजलेलं जिरं करपलं तर तीस ग्रॅम जिरं टाकून देऊन पुन्हा भाजता येतं, इथे सगळा घाणा जातो.

गार करणं

कढईतून काढलेला मसाला स्टीलच्या परातीत पातळ पसरा, ढीग करू नका. ढिगाच्या मध्यात उष्णता कोंडते आणि तिथले दाणे भाजत राहतात. वर झाकण किंवा ताट ठेवू नका. वाफ झाकणाला लागून थेंब होते आणि तीच पुन्हा मसाल्यावर पडते. छापील वर्तमानपत्रावर पसरणंही नको, गरम तेलकट दाणे शाई ओढून घेतात. पंखा संथ ठेवला तर चालतो.

या थांबण्याची तीन कारणं आहेत. एक तर वर धण्यांचं पाहिलं तेच: गरम दाणा मऊ असतो, निवल्यावरच ठिसूळ होतो, आणि ठिसूळ दाणाच मिक्सरमध्ये फुटतो. मऊ दाणा चेचला जातो, त्याचं तेल बाहेर येतं आणि पूड पात्याभोवती लगद्यासारखी चिकटते. दुसरं कारण वाफेचं. मिक्सरचं भांडं बंद असतं. गरम मसाल्यातली उरलीसुरली वाफ झाकणाखाली जमते आणि पुडीत उतरते. अशी पूड आठवडाभरात गुठळ्या धरते, पावसाळ्यात तिला बुरशीही येऊ शकते. तिसरं म्हणजे मिक्सर स्वतःच उष्णता करतो. मसाला आधीच गरम असेल तर ही भर पडून सुगंधी तेल उडतं, आणि झाकण उघडताच नाकात जो भपकारा शिरतो तो हाच.

दीडशे ग्रॅम पातळ पसरलेला मसाला गार व्हायला अर्धा ते पाऊण तास लागतो. वरून हात लावून ठरवू नका, मधला मसाला मुठीत घेऊन गालाला लावा. गालाला थोडीही ऊब कळली तर थांबा. यापेक्षा पक्की एक चाचणी आहे. मूठभर मसाला स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत घाला, झाकण घट्ट लावा आणि पाच मिनिटं बाजूला ठेवा. काचेच्या आतल्या बाजूला धुरकटपणा आला तर मसाला एकतर गरम आहे किंवा त्यात ओल राहिली आहे. मसाला हाताला थंड असूनही काच धुरकट झाली तर ओलच आहे. मंद आचेवर दोन मिनिटं पुन्हा शेका, पण त्यातून नाजूक जिनसा आधी बाजूला काढा. एक घाण्यात भाजलं असेल तर त्या निवडता येत नाहीत, म्हणून कढईऐवजी ऊन दाखवा.

थांबायचं, पण रात्रभर नाही. भाजलेला मसाला हवेतली ओल कच्च्या मसाल्यापेक्षा झपाट्याने ओढतो. पावसाळ्यात परात तीन-चार तास उघडी राहिली तरी धणे सादळलेले असतात. गार झाला की तासाभरात दळा. त्या दिवशी दळायला जमणारच नसेल तर पूर्ण गार झालेला मसाला हवाबंद डब्यात ठेवा.

दळताना

मिक्सरचं भांडं आणि झाकण हाडकोरडं हवं. झाकणाच्या रबराखाली पाण्याचा थेंब लपलेला असतो, ते रबर काढून पुसा. भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. आधी दालचिनी, चक्रफूल आणि मसाला वेलची भरड करून घ्या, मग बाकीचं घाला. आठ-दहा सेकंद फिरवा, वीस सेकंद थांबा, भांडं हलवून खालचं वर करा, पुन्हा फिरवा. सलग फिरवलं तर भांड्याचं बूड हाताला गरम लागतं. तसं झालं तर झाकण न उघडता पाच मिनिटं थांबा. पाच-सहा वेळा फिरवल्यावर पूड होते. जायफळ किसून शेवटच्या फेरीत घाला.

पूड झाली तरी ती कोमट असते, आणि इथे पुष्कळांचा धीर सुटतो. ती ताटात पसरून पंधरा मिनिटं निवू द्या, मग चाळा. चाळणीत जो चोथा राहतो तो मुख्यतः वेलचीच्या टरफलांचा आणि दालचिनीचा असतो. तो एकदा पुन्हा फिरवा, तरी उरला तर चहाच्या डब्यात टाका.

बिघडलंच तर

पूड कडवट लागली तर आधी चिमूटभर कोमट पाण्यात घालून बघा. लवंगेचा कडूपणा जिभेला बधिर करतो आणि लवकर ओसरतो. करपल्याचा कडूपणा घशाशी राहतो, आणि पाण्यावर बारीक काळे कण तरंगताना दिसतात. करपलेल्या पुडीला उपाय नाही. गूळ किंवा धणेपूड मिसळून तो कडूपणा फक्त पातळ होतो.

पुडीला हिरवट, कच्चट वास असेल तर धणे कमी भाजले गेले आहेत. ही पूड पुन्हा कढईत भाजायला जाऊ नका. पूड इतकी बारीक असते की सारखी हलवली तरी तळाशी काही सेकंदांत जळते. अशी पूड पदार्थ शिजत असताना तेलात कांदा-आलं-लसणाबरोबर घालून परता, म्हणजे राहिलेलं भाजणं तिथे पुरं होतं. नीट भाजलेली पूड मात्र शेवटीच घालायची.

गुठळ्या धरल्या तर ताटात पसरून उन्हात दोन तास ठेवा, पुन्हा चाळा आणि लहान बरण्यांत भरा. वासात कुबटपणा आला असेल तर मात्र टाकून द्या. एरवी काचेच्या बरणीत, उजेडापासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवलेली पूड दोन-तीन महिने चांगला वास धरते. शेगडीच्या वरची फळी हाताशी असते खरी, पण तिथे रोज वाफ आणि उष्णता दोन्ही पोचतात. रोजच्या वापराला एक छोटी बरणी बाहेर ठेवा आणि बाकीची बंदच राहू द्या.